१.३ मिलिमीटरची चूक आणि तिचं बिल

'क्वालिटीवर किती खर्च होतो?' असं कुठल्याही कंपनीत विचारलं, की इन्स्पेक्शनवाल्यांचे पगार आणि मोजमापाच्या उपकरणांच्या किमती पुढे येतात. गुणवत्तातज्ज्ञ आर्मंड फायगेनबाम यांनी १९५६ मध्ये या हिशेबात आणखी कप्पे घातले. चूक होऊच नये म्हणून केलेला खर्च, झालेली चूक शोधण्याचा खर्च आणि चूक निस्तरण्याचा खर्च. यातला तिसरा पुढे दोन भागांत मोजला जाऊ लागला: माल बाहेर पडण्याआधी सापडलेल्या चुकीचा (स्क्रॅप, रिवर्क) आणि ग्राहकाच्या हाती गेल्यावर उघड झालेल्या चुकीचा. हा शेवटचा कप्पा सर्वांत महाग, आणि जमाखर्चात तो 'क्वालिटी' या नावाखाली क्वचितच दिसतो.

हबल या अंतराळ दुर्बिणीच्या आरशाच्या गोष्टीत हे सगळे कप्पे एकाच ठिकाणी सापडतात.

२.४ मीटर व्यासाचा हा आरसा पर्किन-एल्मर कंपनीने घासून पॉलिश केला. आकार बरोबर येतोय का, हे पाहायला 'नल करेक्टर' नावाचं उपकरण होतं. दोन छोटे आरसे आणि एक भिंग यांची ही जुळणी. त्यातून प्रकाश मोठ्या आरशावर टाकायचा, आणि परतलेल्या प्रकाशाचे पट्टे सरळ दिसले की आकार ठीक. भिंग नेमकं कुठे बसवायचं, हे ठरवण्यासाठी ठरावीक लांबीची दांडी वापरली जायची. तिच्या टोकावर मधोमध छिद्र असलेली टोपी होती, म्हणजे मोजणीचा प्रकाश फक्त दांडीच्या टोकावरूनच परतावा. पण टोपीवरच्या काळ्या लेपाचा एक टवका उडाला होता. प्रकाश टोपीवरूनच परतला आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं. खरं तर बसवतानाच ते हवं तितकं सरकेना, तेव्हा खाली वॉशर घालून ते जुळवून घेतलं गेलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत स्वस्त क्षण हाच होता. 'भिंग सरकत का नाही?' एवढं कोणी विचारलं असतं, तर खर्च होता फार तर काही दिवसांचा.

त्यानंतर आरसा फार काटेकोरपणे घासला गेला, फक्त चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे २ मायक्रोमीटर जास्त सपाट झाला, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग.

दुसऱ्या कप्प्यातला खर्चही झाला होता, हे विशेष. आणखी दोन नल करेक्टरांच्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती. पण ती उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचंच चुकत असणार, असं मानून ते निकाल बाजूला पडले. तपासणीवर पैसे घालून तिचं ऐकायचं नसेल, तर तो खर्च वायाच गेला म्हणायचा. तेव्हा आरसा अजून कार्यशाळेतच होता आणि पुन्हा पॉलिश करणं शक्य होतं. शिवाय कोडॅकने बनवलेला दुसरा, योग्य आकाराचा राखीव आरसाही होता.

एप्रिल १९९० मध्ये हबल कक्षेत पोचली. काही आठवड्यांतच प्रतिमा धूसर असल्याचं लक्षात आलं आणि मग बिल वाढत गेलं. चौकशी समिती, धूसरपणा कमी करण्यासाठी संगणकावरची प्रक्रिया, खोळंबलेली निरीक्षणं. आरसा काही बदलता येत नव्हता. म्हणून त्याच्या नेमक्या चुकीला उलट बाजूने भरून काढणारे छोटे आरसे असलेलं 'कॉस्टार' बनवावं लागलं आणि त्याला जागा करण्यासाठी एक चालू उपकरण काढावं लागलं. नव्या कॅमेऱ्यात तशीच दुरुस्ती आतच बसवली. डिसेंबर १९९३ मध्ये एन्डेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी पाच स्पेसवॉक करून हे सारं बसवलं. एका टवक्याचा माग शेवटी अंतराळयानापर्यंत गेला.

चूक जितकी उशिरा सापडते, तितकं तिच्यावर उभं राहिलेलं काम जास्त असतं. दोष तोच असतो, पण तो काढायला आधी भोवतालचं किती उसवावं लागतं, त्यावर दुरुस्तीचा आकडा ठरतो. शिवाय प्रतिबंधाचा खर्च आजच्या बजेटमधून, आपल्याच विभागातून जातो, तर अपयशाचा खर्च काही वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी बजेटमध्ये उमटतो. आरशाचं काम चालू असताना प्रकल्प खर्चात आणि वेळापत्रकात आधीच ओढाताणीत होता. अशा वेळी कात्री आधी कुठे लागते, हे प्रकल्पांवर काम केलेल्यांना सांगायला नको.

याचा अर्थ जमेल तेवढ्या चाचण्या कराव्यात असाही नाही. संपूर्ण दुर्बिणीची अंतिम अचूकतेची चाचणी जमिनीवर घेणं फार महागात गेलं असतं, आणि ती टाळण्याचं कारण अगदीच पोकळ नव्हतं. पण हबलचा दोष इतका ढोबळ होता, की तेवढ्या अचूकतेची गरजच नव्हती. वेगळ्या पद्धतीने केलेली साधी चाचणीही तो पकडू शकली असती, फक्त तिचा निकाल उडवून न लावता दोन मोजमापं का जुळत नाहीत याचा छडा लावायला हवा होता.