‘अल’ आणि ‘लो’: हिब्रूतले दोन नकार

हिब्रूत आज्ञार्थाला थेट नकार जोडता येत नाही. ‘बस’ म्हणजे ‘शेव’, पण ‘बसू नको’ म्हणताना हे रूप बाजूला ठेवून भविष्यकाळासारखं ‘तेशेव’ घ्यावं लागतं आणि त्याआधी ‘अल’ किंवा ‘लो’ लावावा लागतो. यांतला कोणता निवडायचा, यात सगळी गंमत आहे.

हा भेद हिब्रूहून जुना आहे. हिब्रूची प्राचीन नातेवाईक असलेल्या मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेतही मनाईचं रूप वेगळं आणि ‘असं न होवो’ या इच्छेचं वेगळं होतं. हिब्रूच्या पूर्वजभाषेत क्रियापदाची दोन रूपं होती: विधानाचं लांब आणि इच्छेचं आखूड. ‘लो’ लांब रूपाशी जोडला गेला, ‘अल’ आखडलेल्या रूपाशी. पुढे शब्दांच्या शेवटचे ऱ्हस्व स्वर गळाले आणि बहुतेक क्रियापदांत दोन्ही रूपं सारखीच दिसू लागली. तेव्हापासून अर्थाचा भार मुख्यतः या दोन छोट्या शब्दांवर आला.

तो भार किती, ते बायबलच्या राजे १ या पुस्तकाच्या अध्याय ३ मध्ये दिसतं. दोन स्त्रिया एका बाळावर हक्क सांगतात आणि शलमोन राजा तलवार मागवतो. खरी आई कळवळून म्हणते, “जिवंत बाळ तिलाच द्या, पण ‘हामेत अल तेमितुहू’.” लगेच पुढच्या ओवीत राजा तेच वाक्य उच्चारतो, फक्त ‘अल’च्या जागी ‘लो’ येतो: ‘हामेत लो तेमितुहू’. मराठीत दोन्हींचं भाषांतर ‘मुळीच मारू नका’ असंच होऊ शकतं. पण आईची ती विनवणी आहे: ‘नका हो मारू’. राजाचा तो निवाडा आहे: ‘मारायचं नाही’. माझ्या मते या भेदाचं याहून स्वच्छ उदाहरण बायबलमध्ये नाही.

दहा आज्ञांतल्या मनाया ‘लो’ने येतात, ‘लो तिर्त्साख’, खून करायचा नाही, कारण त्या कायमच्या आहेत. देव अब्रामला धीर देतो तेव्हा मात्र ‘अल तिरा’, भिऊ नकोस, म्हणतो. ते त्या क्षणापुरतं आहे.

तरी ‘लो म्हणजे कायमचं, अल म्हणजे तात्पुरतं’ हा पाठ्यपुस्तकी नियम ताणू नये. निर्गम २३:१ मध्ये खोटी अफवा पसरवण्याची मनाई ‘लो’ने आहे आणि दुष्टाशी हातमिळवणी करण्याची ‘अल’ने. दोन्ही कायमच्याच. नीतिसूत्रांतही गरिबाला लुबाडू नकोस हे ‘अल’ने सांगितलं आहे, कारण तिथे बोलणारा बापाच्या आवाजात समजावतो, कायदा देत नाही. तल्मूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या पंडितांनी तर कायद्यापुरता हा फरक पुसूनच टाकला: शास्त्रात जिथे ‘अल’ येतो, तिथे ती ‘लो’इतकीच बंधनकारक मनाई समजावी.

आजच्या बोलीभाषेत समोरच्याला थांबवायला ‘अल’ राहिला आहे. पाटीवर मात्र ‘ना लो ले-आशेन’, कृपया धूम्रपान करू नये, असा ‘लो’ दिसतो, आणि त्यापुढे क्रियापदाचं मूळ नामरूप येतं.