गृहीतक लिहिलं, पण वापरलं का?

इंडक्शनच्या वर्कशीटमध्ये "समजा P(k) सत्य आहे" ही ओळ सगळेच लिहितात. ती लिहिणं वेगळं आणि पुढच्या पायरीत वापरणं वेगळं. कागदावर मात्र दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच दिसतात.

बेरजेचं नेहमीचं उदाहरण घेऊ: 1 + 2 + … + n = n(n+1)/2. एक उत्तर असं येतं: "P(k) सत्य मानू. n च्या जागी k+1 ठेवल्यास (k+1)(k+2)/2 मिळते, म्हणून P(k+1) सत्य." इथे सिद्ध काहीच झालेलं नाही. जे दाखवायचं होतं तेच नव्याने लिहिलं आहे. या पद्धतीने खोटं सूत्रही "सिद्ध" होतं. बेरीज n² येते असं म्हणून पाहा. n = 1 ला 1 = 1, ठीक. n च्या जागी k+1 ठेवलं की (k+1)², झालं!

आता खरी पायरी. k पदांची बेरीज गृहीतकातून उचलायची आणि त्यात पुढचं पद मिळवायचं: k(k+1)/2 + (k+1) = (k+1)(k+2)/2. गृहीतक कामाला आलं ते पहिल्या बरोबरच्या चिन्हाच्या आधीच, बेरजेच्या जागी k(k+1)/2 लिहिलं तेव्हा. n² वर हेच केलं तर k² + k + 1 येतं, हवं असतं k² + 2k + 1. k कमी पडतो आणि खोटं सूत्र तिथेच उघडं पडतं.

तपासताना गृहीतकाची ओळ बोटाने झाकावी आणि उरलेली पायरी वाचावी. ती अडली, तर गृहीतक खरंच वापरलं आहे. अडली नाही, तर जरा थांबावं, कारण दर वेळी उत्तर चूकच असतं असं नाही.

n³ − n ला 6 ने भाग जातो, हे पाहा. कुणी लिहितं: (k+1)³ − (k+1) = k(k+1)(k+2), सलग तीन संख्यांचा गुणाकार, म्हणून 6 ने भाग जातो. हे अगदी बरोबर आहे, फक्त इंडक्शन नाही. गृहीतकाची ओळ शोभेपुरती राहिली. प्रश्नात "इंडक्शनने सिद्ध करा" असेल तर माझ्या मते गुण कापायला हरकत नाही, पण शेरा "चूक" असा देऊ नये. इंडक्शनने करायचं तर तीच राशी (k³ − k) + 3k(k+1) अशी फोडावी. पहिल्या कंसाला 6 ने भाग जातो तो गृहीतकामुळे. दुसऱ्या पदात k(k+1) सम असल्याने तिथेही 6 मिळतो.

उलट प्रकारही सापडतो. 7ⁿ + 1 ला 6 ने भाग जातो असं मानू. 7ᵏ = 6m − 1 धरलं की 7ᵏ⁺¹ + 1 = 7(6m − 1) + 1 = 6(7m − 1). गृहीतक चोख वापरलं, पायरी निर्दोष. पण n = 1 ला 8 येतात आणि पुढेही 6 ने भागल्यावर दर वेळी बाकी 2 च उरते.