बाटलीतली साखर आणि डब्यातली साखर

थंड कॉफीच्या बाटलीशेजारी साखरेच्या चमच्यांची रास मांडलेला फोटो दर उन्हाळ्यात फिरतो. ‘एका बाटलीत साडेपाच चमचे साखर! त्यापेक्षा घरी दोन चमचे घालून करा.’ घरी करा, हे मलाही पटतं. हिशोब मात्र चुकलेला असतो, आणि दरवर्षी त्याच ठिकाणी चुकतो.

घरची कॉफी कशी करायची ते सांगायला नको. तेव्हा थेट लेबलकडे वळू. समजा, दूध घातलेल्या कॉफीची 200 मिलीची बाटली आहे. मागच्या तक्त्यात 100 मिलीमागे टोटल शुगर्स 11 ग्रॅम आणि त्याखाली ॲडेड शुगर्स 7.5 ग्रॅम असं छापलंय. आकडे 100 मिलीचे आहेत, म्हणून दुप्पट करायचे, एवढं बहुतेकांना कळतं. म्हणजे बाटलीत एकूण साखर 22 ग्रॅम आणि वरून घातलेली 15 ग्रॅम.

उरलेली 7 ग्रॅम ही दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. ती कारखान्यात कुणी ओतलेली नसते. 100 मिली दुधात ती पावणेपाच ग्रॅमच्या आसपास असतेच, मग दूध बाटलीतलं असो की तुमच्या पातेल्यातलं. फोटो काढणारे 22 ला 4 ने भागतात आणि साडेपाच चमचे मांडतात. घरच्या कपाची वेळ आली की मात्र फक्त डब्यातून काढलेली साखर मोजतात आणि दूध विसरतात. एका पारड्यात दुधासकट साखर, दुसऱ्यात दुधाशिवाय, ही तुलनाच नव्हे. घरच्या चमच्यांशी ताडायची ती ॲडेड शुगर्सची ओळ. या बाटलीत ते पावणेचार सपाट चमचे होतात.

सपाट हा शब्द मुद्दाम वापरलाय. लहान चमचा काठोकाठ सपाट भरला तर साधारण 4 ग्रॅम साखर बसते. आमच्या साखरेच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून असलेला स्टीलचा चमचा मी आई भरते तसा, शीग लावून, वजनकाट्यावर ठेवला. 7 ग्रॅम भरले. असे दोन चमचे म्हणजे 14 ग्रॅम. त्यात आमच्याकडे कपाला दीडशे मिली दूध आणि वर थोडं पाणी असतं, म्हणजे दुधातली आणखी 7 ग्रॅम. एकूण 21. ‘दोन चमचेवाली’ घरची कॉफी आणि ‘साडेपाच चमचेवाली’ बाटली यांत फरक एका ग्रॅमचा! घरच्या कॉफीचा खरा फायदा एवढाच की चमचा तुमच्या हातात असतो. तो सपाट करा, जमलं तर एकावर या. मी एकावर आहे, आणि कॉफीची चव मला तेव्हाच लागते.

या वजाबाकीतून दूध किती आहे तेही कळतं. 200 मिलीत 7 ग्रॅम लॅक्टोज म्हणजे दीडशे मिलीच्या जवळपास दूध, किंवा तेवढ्या दुधाची पावडर. टोटल आणि ॲडेड हे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर ते साखरेचं पाणीच समजा. मधुमेह असेल तर मात्र लॅक्टोजही हिशोबात धरावं लागतं. तिथे टोटलची ओळ पाहायची.

तक्त्यातला टक्केवारीचा रकाना मला अजिबात आवडत नाही. दिवसाची 50 ग्रॅम ॲडेड शुगर धरून तो एका सर्व्हिंगचा काढलेला असतो. सर्व्हिंग 100 मिली लिहिलं असेल तर 15 टक्के दिसतात. बाटली संपवणाऱ्याच्या पोटात 30 टक्के गेलेले असतात.

कॅफीनचा आकडा तक्त्यात बऱ्याचदा नसतोच. तेव्हा घटकपदार्थांच्या यादीत इन्स्टंट कॉफी पावडरची टक्केवारी शोधा. 0.8 टक्के असेल तर 200 मिलीत सुमारे 1.6 ग्रॅम पावडर. नुसत्या इन्स्टंट कॉफीत कॅफीन 3 टक्क्यांच्या आसपास धरलं, तर 50 मिलीग्रॅमच्या जवळ. घरी 2 ग्रॅम पावडर घातली की 60. पण तुमच्या पाकिटावर ‘कॉफी 70, चिकोरी 30’ असेल तर 42 च, कारण चिकोरीत कॅफीन नसतं. आणि यादीत पावडरऐवजी कॉफी एक्स्ट्रॅक्ट असेल तर ही रीत चालत नाही, कारण अर्क किती दाट आहे ते लेबल सांगत नाही.