पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंट परीक्षेतले सिच्युएशनवाले प्रश्न आणि कॉमन सेन्स

"दहा वर्षं प्रोजेक्ट सांभाळलेत, सिच्युएशनचे प्रश्न कॉमन सेन्सने सुटतील ना?"

नाही, उलट अनुभवी माणूसच इथे जास्त अडकतो. समजा सोलापुरातल्या टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर चाललंय, मालक थेट डेव्हलपरला म्हणतात एक रिपोर्ट वाढव, दोन तासांचं तर काम. आपण लगेच हो म्हणतो, गिऱ्हाईक जपायचं असतं. पेपरात ते चूक. प्लॅन मंजूर झालेला असेल तर आधी वेळ-खर्चावर काय परिणाम होतो ते बघायचं, मग चेंज रिक्वेस्ट मंजुरीला, मग प्लॅन बदलून काम. परिणाम तपासलाय असं प्रश्नातच असेल तर पुढची पायरी मंजुरीची, म्हणून काय होऊन गेलंय ते नीट वाचा. आणि प्रश्नात स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा छोटा टप्पा, दिसला की वाट वेगळी, मागणी प्रॉडक्ट ओनरकडे, बॅकलॉगमध्ये म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत कुठे बसवायची ते तोच ठरवतो.