sin x / x च्या पानावर आम्ही "पुन्हा लिहा" का मारतो

बीएस्सी मॅथ्स आणि जॅमच्या वह्या तपासून देणं एवढंच आमचं काम, आणि दर सेमिस्टरला एकच फोन येतो, "सर, उत्तर कंडिशनली कन्व्हर्जंट लिहिलंय, बरोबरच आहे ना, मग शिक्का का मारला?" 0 ते ∞ ∫ (sin x)/x dx कन्व्हर्ज होतं पण अॅब्सोल्यूटली होत नाही, हे उत्तर बरोबर आहे हो, पण ते सिद्ध झालेलं नाही. दर वेळी फोनवर तेच सांगण्यात आमचाही वेळ जातो आणि तुमचाही, म्हणून हे पत्रक वहीसोबत देतोय.

पहिला अर्धा भाग बहुतेकांना जमतो. 1 ते R बाय पार्ट्स करायचं, 1/x चं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि sin x इंटिग्रेट करायचा, मग हे मिळतं:

∫₁ᴿ (sin x)/x dx = cos 1 − (cos R)/R − ∫₁ᴿ (cos x)/x² dx

R वाढवला की मधली टर्म शून्याकडे जाते. शेवटच्या इंटिग्रलमध्ये |cos x|/x² ≤ 1/x² आणि 1/x² चं इंटिग्रल कन्व्हर्ज होतं, म्हणून तेही होतं. झालं. इथे काही जण 0 पासून सुरुवात करतात आणि (cos x)/x शून्यापाशी फुटतं, मग पान खोडतात. शून्यापाशी मूळ फंक्शन 1 कडे जातं, तिथे काही अडचण नाही, अडचण बाय पार्ट्सने आपणच आणलेली असते. म्हणून 0 ते 1 चा तुकडा वेगळा ठेवा आणि "इथे फंक्शन बाउंडेड आहे" एवढं एक वाक्य लिहा.

आता शिक्का जिथे पडतो ती ओळ. अॅब्सोल्यूट कन्व्हर्जन्स नाही हे दाखवताना दहातल्या सहा-सात वह्यांत असं असतं: "|sin x|/x ≤ 1/x, आणि ∫ 1/x डायव्हर्ज होतं, म्हणून हेही डायव्हर्ज." हे चालत नाही! वरचं अनंताला गेलं म्हणून खालचं जाईलच असं कुठे आहे? हीच ओळ 1/x² ला लावून बघा, x ≥ 1 असताना 1/x² ≤ 1/x आहेच, मग तुमच्या हिशोबाने ∫ 1/x² पण डायव्हर्ज व्हायला हवं, आणि ते कन्व्हर्ज होतं हे तुम्हीच वरच्या अर्ध्या पानावर वापरलंय. कन्व्हर्जन्स दाखवताना वरून झाकायचं, डायव्हर्जन्स दाखवताना खालून आधार द्यायचा, या एकाच गणितात कंपॅरिझन दोन्ही बाजूंनी लागतं आणि घोळ तिथेच होतो.

खालून आधार असा द्या. (n−1)π ते nπ या तुकड्यात |sin x| चं एक टेकाड असतं, त्याचं क्षेत्रफळ 2. या तुकड्यात x जास्तीत जास्त nπ, म्हणजे 1/x किमान 1/(nπ), म्हणून त्या तुकड्याचं इंटिग्रल किमान 2/(nπ). सगळे तुकडे मिळवले की (2/π)(1 + 1/2 + 1/3 + …), आणि हार्मोनिक सिरीज डायव्हर्ज होते. कुणाला |sin x| ≥ sin² x = (1 − cos 2x)/2 वाली रीत आवडते, तीही आम्ही पूर्ण मार्कांनी सोडतो, फक्त ∫ (cos 2x)/x कन्व्हर्ज का होतं हे तिथे परत बाय पार्ट्सने दाखवलेलं पाहिजे.

कॅल्क्युलेटरवाले ग्राहक वेगळेच. "सर, |sin x|/x पण कुठेतरी थांबतंयसं दिसतंय." थांबत नाही, पण R दसपट केला तरी भर पडते साधारण १.४७ ची, हजारावरून दहा हजारावर गेलं तरी तेवढीच, त्यामुळे डोळ्याला थांबल्यासारखं वाटतं. मूळ इंटिग्रल मात्र खरंच थांबतं, 0 पासून घेतलं तर π/2 वर म्हणजे १.५७०८ च्या आसपास. π पर्यंत १.८५, 2π पर्यंत १.४२, असं वर-खाली होत होत. बाय पार्ट्समधूनच कळतं की R च्या पुढची शेपटी 2/R पेक्षा मोठी नसते, म्हणजे 100 वर थांबलात तर चूक ०.०२ च्या आत.

काही जण म्हणतात की दुसरीकडे त्या "≤ 1/x, म्हणून डायव्हर्ज" ओळीला टिक मिळते. मिळत असेल. आम्ही टिक करत नाही, कारण पेपर तपासणारा तिथे मार्क कापतो आणि मग नाव आमच्या तपासणीचं निघतं. समासात शेरा हातानेच लिहितो, म्हणून दोन दिवस लागतात.

एक फेरतपासणी फीमध्येच धरलेली आहे, वेगळे पैसे नाहीत. फक्त अख्खी वही परत पाठवू नका, अॅब्सोल्यूटवालं अर्धं पान नव्याने लिहून त्याचाच फोटो पाठवा, आणि असमानतेचं चिन्ह ≤ आहे की ≥ ते नीट दिसेल असं काढा, निम्म्या फोटोंत तेच कळत नाही. Dirichlet टेस्टने केलं असेल तर टेस्टच्या अटी लिहिल्याशिवाय पाठवू नका, नाहीतर परत शिक्का.