एका पालकासोबत मुलाचा परदेश प्रवास : संमतीपत्र आणि कागदपत्रे (नाशिक)

अठरा वर्षांखालचे मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच परदेशी जाते, तेव्हा मागे राहणाऱ्या पालकाने या प्रवासाला आपली हरकत नसल्याचे लिहून द्यायचे पत्र म्हणजे प्रवास संमतीपत्र. नाशिकमधले ट्रॅव्हल एजंट आणि नोटरी त्याला सरसकट ‘एनओसी’ म्हणतात. भारतातून बाहेर पडताना प्रत्येक मुलाकडे असे पत्र हवेच, असा सरसकट नियम नाही. ते मागतो तो मुख्यतः ज्या देशात जायचे तो देश, आधी व्हिसा देताना आणि मग तिथल्या विमानतळावर. पालकांपैकी एकाने दुसऱ्याला अंधारात ठेवून मुलाला देशाबाहेर नेऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. त्यामुळे तपासणारा अधिकारी कागदांतून दोनच गोष्टी शोधतो: हे मूल यांचेच आहे का, आणि दुसऱ्या पालकाला हा प्रवास ठाऊक व मान्य आहे का?

मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडील दोघांनी सही केलेले ‘परिशिष्ट ड’ दिलेले असते. तीच संमती प्रवासालाही पुरेल, असा समज नाशिकमध्ये बराच आढळतो. तो चुकीचा आहे. ते परिशिष्ट फक्त पासपोर्ट देण्यापुरते असते. कोणत्या देशात, कधी, कोणाबरोबर याचा त्यात उल्लेखही नसतो. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर एकाच पालकाच्या घोषणेवर, म्हणजे ‘परिशिष्ट क’वर, मुलाचा पासपोर्ट निघू शकतो. म्हणून मुलाच्या हातात पासपोर्ट आहे एवढ्यावरून परदेशी अधिकारी दोघांची संमती गृहीत धरत नाही.

कॅनडाचे उदाहरण

सिडकोत राहणारी आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन मे महिन्याच्या सुट्टीत टोरांटोला बहिणीकडे निघाली आहे, आणि अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारे वडील मागे राहणार आहेत, असे धरू. एका पालकाबरोबर येणाऱ्या मुलासाठी कॅनडाचे सरकार मुलाच्या पासपोर्टखेरीज तीन गोष्टी जवळ ठेवायला सांगते: जन्मदाखल्याची प्रत, न येणाऱ्या पालकाचे सहीचे पत्र (त्यात त्याचा पत्ता आणि फोन नंबर हवा), आणि त्याच पालकाच्या सही असलेल्या पासपोर्टची किंवा राष्ट्रीय ओळखपत्राची छायाप्रत. पत्र शक्यतो इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये असावे.

छायाप्रत मागतात ती सही जुळवून पाहता यावी म्हणून. इथेच एक चूक होते. वडिलांनी पासपोर्टवर मराठीत सही केलेली असते आणि पत्र इंग्रजी म्हणून खाली इंग्रजी सही ठोकतात. पत्राची भाषा कोणतीही असो, सही पासपोर्टवर आहे तशीच करावी.

पत्राचा मजकूर एका पानात मावतो. मुलीचे नाव पासपोर्टवर जसे छापले आहे अगदी तसेच, जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट क्रमांक. आईचे नाव, तिचा पासपोर्ट क्रमांक आणि मुलीशी नाते. वडिलांची तीच माहिती. टोरांटोतल्या मावशीचे नाव, पत्ता, फोन. आणि जाण्यायेण्याचा काळ. तिकीट हाती नसताना व्हिसासाठी पत्र जोडावे लागते, म्हणून त्यात विमानाचा क्रमांक लिहायच्या भरीला पडू नये. ‘१ मे ते १५ जून या दरम्यान’ असा थोडा सैल कालावधी लिहिला की विमान दोन दिवस पुढे गेले तरी पत्र निकामी होत नाही. परतीची मर्यादा मात्र लिहायचीच. परतीचा उल्लेख नसलेले पत्र म्हणजे मुलगी तिथेच राहण्यालाही वडिलांनी संमती दिली, असा अर्थ पुढे वादात काढता येतो. आजारपणात आईने एकटीने उपचाराचा निर्णय घ्यायला वडिलांची हरकत नाही, हे एक वाक्य मी प्रत्येक पत्रात घालायला सांगेन. ते कोणी मागत नाही, पण मुलीला तिथल्या इस्पितळात न्यावे लागले तर ते कामी येते.

जन्मदाखला आणि आईचे आडनाव

मराठी कुटुंबांची खरी अडचण संमतीपत्रापेक्षा इथे असते. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव कधी माहेरच्या आडनावाने, कधी नुसतेच पहिले नाव असे लागलेले असते; आईच्या पासपोर्टवर मात्र लग्नानंतरचे नाव, मधे नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. उलटही होते: आईने माहेरचे आडनाव कायम ठेवलेले असते आणि मुलीचे आडनाव वडिलांचे. अशा वेळी मूल आणि बरोबरची बाई यांना जोडणारा एकही शब्द दोन्ही पासपोर्टच्या पहिल्या पानावर सापडत नाही. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे असतात, ती याच कामाची. पण तिथले आईचे नाव तिच्या स्वतःच्या पासपोर्टशी जुळते का, हे प्रवासाच्या बऱ्याच आधी पाहून ठेवावे.

नावे जुळत नसतील तर दोघांना जोडणारा सर्वांत बळकट कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, कारण त्यात लग्नाआधीचे नाव आणि नवऱ्याचे नाव एकत्र येते. नाव राजपत्रात बदलून घेतले असेल तर त्या पानाची प्रत जोडावी. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र हा तिसरा मार्ग, आणि तिन्हींत सर्वांत दुबळा. कारण त्यात आपणच आपल्याबद्दल सांगत असतो.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यातून जन्माची नोंद होते तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसते, आणि कित्येक घरांत महापालिकेचा तो बिननावाचा दाखलाच वर्षानुवर्षे फायलीत राहतो. जन्मनोंदीत नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. बिननावाचा दाखला परदेशी अधिकाऱ्यापुढे ठेवून उपयोग नाही. महाराष्ट्रातले आताचे दाखले मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतात. जुना, फक्त मराठीतला दाखला असेल तर नवा काढून घेणे भाषांतर करून घेण्यापेक्षा सोपे पडते.

नोटरी आणि मुद्रांक

कॅनडा पत्र नोटरीकडूनच करून आणा अशी सक्ती करत नाही, तरी नोटरी केलेले पत्र अधिक विश्वासाने घेतले जाते. नाशिकमध्ये हे काम बहुतेक जण सीबीएसजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आसपास करून घेतात. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला, त्यामुळे प्रतिज्ञापत्राच्या रूपात पत्र करायचे तर तेवढा खर्च धरावा. सही नोटरीसमोर करायची आणि नोंदवहीतही सही करायची, हा त्या शिक्क्याचा खरा अर्थ. घरून सही करून पाठवलेल्या कागदावर मागाहून शिक्का मारून देणारे भेटतात. असे पत्र वादात टिकत नाही, कारण वडिलांनी ‘मी सही केलीच नाही’ म्हटले तर नोंदवहीत त्यांचा मागमूस नसतो.

वडील आखातात नोकरीला असतील तर नाशिकच्या नोटरीचा उपयोग नाही. त्यांनी पत्र ते जिथे आहेत तिथेच, भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन साक्षांकित करावे आणि मूळ प्रत कुरियरने पाठवावी.

विमानतळावर

नाशिकचे प्रवासी बहुधा मुंबईहून उडतात. मूळ कागद हातातल्या बॅगेतच हवेत. टोरांटोला इमिग्रेशनचा टेबल आधी येतो आणि सामान नंतर मिळते, त्यामुळे मोठ्या बॅगेत टाकलेले पत्र ऐनवेळी नसल्यासारखेच. अधिकारी मुलीलाही विचारू शकतो: बरोबर कोण आहे, बाबा कुठे आहेत, परत कधी जाणार? तिला पढवू नये, खरे काय आहे ते आधी नीट सांगून ठेवावे. शंका आली तर पत्रातल्या नंबरवर फोनही लागू शकतो. मे महिन्यात टोरांटोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे दुपारचे चार म्हणजे नाशिकमध्ये रात्रीचे दीड. त्या रात्री वडिलांनी फोन सायलेंटवर ठेवू नये.

इतर देशांची रीत थोडी वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी संमती त्यांच्याच छापील १२२९ क्रमांकाच्या अर्जावर द्यावी लागते. ब्रिटनच्या व्हिसात मुलाबरोबर येणाऱ्या मोठ्या माणसाची नोंद होते, म्हणून अर्जात आई लिहून ऐनवेळी वडिलांबरोबर पाठवले तर प्रवेश अडू शकतो. अमेरिका पत्राची सक्ती करत नाही, नोटरी केलेले इंग्रजी पत्र जवळ ठेवावे एवढे सुचवते.

दुसरा पालक नसेल किंवा संमती देत नसेल

दुसरा पालक हयात नसेल तर मृत्यूदाखला पुरतो. घटस्फोट झाला असेल तर नुसता हुकूमनामा पुरत नाही. त्यात मुलाचा ताबा कोणाकडे आहे हे लिहिलेले हवे. परस्पर संमतीच्या घटस्फोटांत अनेकदा ताबा आईकडे असतो, पण परदेश प्रवासाबद्दल अटींत एक ओळही नसते, आणि भेटीचा हक्क वडिलांकडे राहतो. अशा वेळी वडिलांचे पत्र घ्यावे, आणि ते देत नसतील तर कौटुंबिक न्यायालयाकडे विशिष्ट प्रवासासाठी परवानगी मागावी. नाशिकला कौटुंबिक न्यायालय आहे. अर्जाबरोबर तारखा, परतीची तयारी, शाळेचे वेळापत्रक दाखवावे लागते. न्यायालय परत आणण्याची लेखी हमी घेऊ शकते. सुनावणीला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसते, म्हणून तिकीट काढण्याआधीच अर्ज करावा.

संमतीपत्राची मर्यादा सही करणाऱ्यानेही ओळखायला हवी. मुलांना बेकायदा दुसऱ्या देशात नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार ज्या देशांना लागू आहे, ते एकमेकांकडून मूल परत मिळवण्याची ठरलेली वाट वापरतात. कॅनडा त्यात आहे, भारत नाही. त्यामुळे ठरलेल्या तारखेला मूल परतले नाही, तर नाशिकमधल्या पालकाला त्या करारावर बोट ठेवता येत नाही. कॅनडातल्या न्यायालयात वकील लावून दाद मागावी लागते, आणि तिथे परतीची तारीख लिहिलेले संमतीपत्र हा त्याचा पुरावा ठरतो. नात्यात तणाव आहे आणि मूल परत येणार नाही अशी रास्त भीती आहे, अशा पालकाने समजुतीखातर सही करू नये. मूल देशात असतानाच कौटुंबिक न्यायालयात जावे; तिथे मुलाला देशाबाहेर नेण्यास मनाई आणि त्याचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याचा आदेश मागता येतो.