मध्यांची असमानता

धन संख्यांच्या चार मध्यांचा चढता क्रम ठरलेला आहे: हरात्मक मध्य (ह), भूमितीय मध्य (भ), अंकगणितीय मध्य (अ) आणि वर्गीय मध्य (व), म्हणजे ह ≤ भ ≤ अ ≤ व. संख्यांच्या व्यस्तांची सरासरी काढून ती पुन्हा उलटी केली की हरात्मक मध्य मिळतो. वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ म्हणजे वर्गीय मध्य.

2 आणि 8 या संख्या घेऊ. त्यांचे मध्य अनुक्रमे 3.2, 4, 5 आणि √34, म्हणजे सुमारे 5.83, असे येतात. त्यांचे वर्ग पाहिले की क्रमामागचे कारण उघड होते: भ² = 16, अ² = 25, व² = 34. दोन्ही वेळा फरक 9 आहे आणि हा योगायोग नाही. x आणि y या कोणत्याही दोन धन संख्यांसाठी

अ² − भ² = व² − अ² = ((x − y)/2)²

वर्ग ऋण नसतो, म्हणून भ ≤ अ ≤ व. शिवाय अ × ह = भ² (इथे 5 × 3.2 = 16), त्यामुळे भ जितक्या पट अ पेक्षा लहान, तितक्याच पट ह हा भ पेक्षा लहान असतो. समानतेची अटही याच सूत्रात आहे: x = y असेल तरच फरक शून्य होतो, आणि तेव्हा चारही मध्य एकदमच जुळतात.

दोनपेक्षा जास्त धन संख्यांनाही क्रम आणि समानतेची अट तीच राहते, पण वरची सूत्रे टिकत नाहीत. 1, 1, 8 यांसाठी भ² = 4, तर अ × ह ≈ 4.7. मात्र व² − अ² हे तेव्हाही संख्यांचे प्रचरण असते, आणि ते सर्व संख्या सारख्या असतील तेव्हाच शून्य होते. भ ≤ अ ची सिद्धता अधिक अवघड आहे. कोशीने 1821 मध्ये ती आधी 2, 4, 8, … इतक्या संख्यांसाठी केली आणि तिथून मागे येत कितीही संख्यांसाठी पुरी केली. ह ≤ भ साठी वेगळे कष्ट लागत नाहीत. भ ≤ अ हीच असमानता व्यस्तांना लावायची.

धन असण्याची अट सोडली की समानता बिघडते. −2 आणि −2 सारख्याच आहेत, तरी अ = −2 आणि व = 2. 0 आणि 8 यांचा भ शून्य आहे; शून्याचा व्यस्त नसल्याने ह शून्य मानण्याचा संकेत घेतला, तर संख्या वेगळ्या असूनही ह = भ होते.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक मात्र समानता न तपासण्याची. x ≥ 5 असताना x + 9/x ची किमान किंमत काढायची आहे. भ ≤ अ वरून x + 9/x ≥ 6 मिळते आणि ते खरेही आहे; पण 6 येण्यासाठी x = 9/x, म्हणजे x = 3 हवा, आणि तो दिलेल्या मर्यादेत नाही. x = 3 च्या पुढे ही राशी वाढतच जाते, म्हणून खरी किमान किंमत x = 5 ला मिळते: 6.8.